नोंदवहीत बी शिल्लक, वाफ्यात रोप नाही : दर ऑक्टोबरला येणाऱ्या अडचणीचा छडा

माझी गच्चीवरची परसबाग नेरूळला आहे. गेली काही वर्षे दर ऑक्टोबरमध्ये तिथे एकच अडचण येत होती. नोंदवहीप्रमाणे कांद्याचे बी पुरेसे शिल्लक असे, मे महिन्यात घेतलेल्या उगवण चाचणीचा आकडाही चांगला असे, आणि तरीही पाऊस संपल्यावर पातीच्या कांद्यासाठी पेरलेले क्रेट जवळजवळ रिकामे राहत. मेथी, मुळा, पालक यांची उगवण विरळ होई, पण होई. मिरची कधी उगवे, कधी उगवत नसे. कांदा मात्र नेमाने फसत असे. ज्यांच्याकडे अशी वही आहे आणि तरीही पावसाळ्यानंतरची पेरणी साधत नाही, त्यांच्यासाठी हा शोध सविस्तर लिहीत आहे.

आधी वहीतली मूळ नोंद सांगते, कारण दोष तिच्यातच होता. ‘कांदा, पातीसाठी. हंगाम हिवाळी. स्रोत बियाण्याचे दुकान, ऑक्टोबर 2022, सीलबंद पाकीट 20 ग्रॅम. शिल्लक 8 ग्रॅम. उगवण चाचणी : 20 पैकी 16.’ या नोंदीत काही कमी आहे असे मला तेव्हा वाटले नव्हते. 15 ऑक्टोबर 2023 रोजी मी त्यातले साधारण एक ग्रॅम बी एका क्रेटमध्ये ओळींनी पेरले. एका ग्रॅममध्ये कांद्याच्या अडीचशे ते तीनशे बिया भरतात, म्हणजे चाचणीच्या हिशेबाने दोनशेच्या आसपास रोपे दिसायला हवी होती. बाराव्या दिवशी मोजली तेव्हा ती चौतीस भरली.

पहिला संशय अर्थातच मातीवर गेला. मातीचे मिश्रण बदलले, कोकोपीट वाढवले, वर गांडूळखताचा पातळ थर दिला आणि पुन्हा पेरले, पण फरक पडला नाही. दुसरा संशय ऑक्टोबरच्या उन्हावर होता. तो अगदीच चुकीचा नव्हता, कारण कांद्याच्या बियांना रुजण्यासाठी वीस-पंचवीस अंशांचे तापमान मानवते आणि गच्चीवरचे क्रेट दुपारी त्याहून बरेच तापतात. तिसरा संशय दुकानदारावर. तिथे जाऊन भांडण्याआधी थांबले हे बरे झाले, कारण त्याचा यात काहीच दोष नव्हता.

संशयितांची अशी यादी झाली की पुढे जाण्याची एक साधी रीत आहे. जुन्या बियांच्या शेजारी, त्याच क्रेटमध्ये आणि त्याच दिवशी, नुकत्याच फोडलेल्या पाकिटातल्या त्याच पिकाच्या बियांची एक ओळ पेरावी. माती, ऊन, पाणी आणि मुंग्या दोन्ही ओळींना सारख्याच मिळतात. नवी ओळ उगवली आणि जुनी नाही, तर दोष बियांत आहे. दोन्ही फसल्या, तर दोष क्रेटमध्ये आहे. मी नवीन पाकीट आणून ही तुलना केली. नवी ओळ दाट आली, जुनी विरळच राहिली. माती आणि ऊन दोघेही सुटले.

तुलनेसाठी नवीन बी हाताशी नसेल, तर न उगवलेल्या बिया उकरून पाहाव्यात. हे काम किचकट आहे, पण त्यातून बरेच कळते. दाबल्यावर पिठासारखी किंवा लिबलिबीत होणारी, बुरशी धरलेली बी बहुधा पेरतानाच मेलेली होती. फुगलेली पण घट्ट बी जिवंत असू शकते. तिला थंडी किंवा उष्णता आडवी आली असेल. पाणी न शोषता जशीच्या तशी टणक राहिलेली बी ही वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे नंतर वळू. मोड येऊन देठाशी मऊ पडलेले रोप दिसले, तर ती रोपमर आहे आणि बियांचा त्यात दोष नाही. बी मुळी सापडलेच नाही, तर मुंग्यांचा माग काढावा; राजगिरा आणि माठ यांचे बारीक बी त्या रातोरात उचलून नेतात. माझ्या क्रेटमधल्या कांद्याच्या बिया बोटांत दाबताच चुरडत होत्या.

म्हणजे बी मेलेले होते. मग मे महिन्यातल्या 20 पैकी 16 या आकड्याचे काय? तो आकडा खोटा नव्हता. त्याच पाकिटातल्या 50 बिया नोव्हेंबरमध्ये पुन्हा चाचणीला टाकल्या तेव्हा 8 रुजल्या. मे ते नोव्हेंबर या काळात ते बी मरत गेले होते, आणि माझ्या वहीत त्या काळाची कोणतीच नोंद नव्हती. चाचणीचा निकाल हा बियांचा कायमचा गुण आहे असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तो त्या दिवसापुरताच खरा असतो. त्या नोंदीत चाचणीची तारीखसुद्धा नव्हती. मे महिना मला केवळ आठवणीने सांगता आला.

बियांचे आयुष्य दोन गोष्टी कमी करतात : बियांतला ओलावा आणि साठवणीच्या जागेचे तापमान. बियाणे साठवणीत बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम वापरतात. बियांतला ओलावा एक टक्क्याने उतरला की आयुष्य सुमारे दुप्पट होते आणि तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरले की पुन्हा सुमारे दुप्पट होते. ओलावा फार कमी किंवा फार जास्त असताना हा नियम लागू पडत नाही, पण घरगुती साठवण त्याच्या कक्षेत येते. याच नियमाची दुसरी बाजू अशी की जागेचे फॅरनहाइट तापमान आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता यांची बेरीज शंभराच्या आत असावी. जुलैत नेरूळच्या घरात तापमान 82 अंश फॅरनहाइट आणि आर्द्रता 85 टक्के धरली, तर बेरीज 167 होते. शिवाय उघडे बी कोरडे राहत नाही. ते हवेतला ओलावा हळूहळू शोषून हवेशी जुळवून घेते. पापडाचा डबा जुलैत नीट लावायचा राहिला तर पापडाचे जे होते तेच बियांचे होते. फरक इतकाच की पापड मऊ पडलेला कळतो, बी मेलेले कळत नाही.

यात कांदा सर्वांत आधी का मरतो, याचे कारण त्याच्या जातीतच आहे. भाजीपाल्याच्या बियांत कांद्याचे आयुष्य फार कमी असते. साध्या साठवणीत तो जेमतेम वर्षभर टिकतो. मिरची आणि भेंडी त्याहून थोड्या बऱ्या, टोमॅटो आणि वांगी आणखी बरी, आणि काकडी, भोपळा ही मंडळी बरीच तग धरतात. आपल्याकडे कांद्याचे बी एप्रिल-मेच्या सुमारास तयार होते, म्हणजे ऑक्टोबरमध्ये विकत घेतलेल्या पाकिटाने एक पावसाळा आधीच काढलेला असतो. फॉइलच्या सीलबंद पाकिटात तो निभावतो. दुसरा पावसाळा फोडलेल्या पाकिटात, स्वयंपाकघराच्या फळीवर गेला की बी संपते.

पाकिटावरच्या तारखेनेही मला फसवले होते. प्रमाणित बियाण्याच्या खुणचिठ्ठीवरची वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिन्यांची असते आणि तिच्यावर लिहिलेली उगवण ही किमान मर्यादा असते. कांद्यासाठी ती 70 टक्के आहे, मिरचीसाठी 60 आणि भेंडीसाठी 65. ही हमी न फोडलेल्या पाकिटाची. मी पाकीट कात्रीने कापून तोंड रबराने बांधले त्या दिवशी त्या तारखेचा अर्थ संपला. तरीही वहीत मी तीच तारीख उतरवून घेत होते आणि पाकीट फोडल्याची तारीख कुठेच लिहीत नव्हते.

हे सगळे तर्काने पटले, तरी माझ्या घरातली नेमकी कोणती जागा किती नुकसान करते हे पाहायचे होते. तुलनेसाठी आणलेले ते नवीन पाकीट नोव्हेंबर 2023 मध्ये फोडलेलेच होते. मे 2024 मध्ये त्यातल्या 50 बियांची चाचणी घेतली, 41 रुजल्या. उरलेल्या बियांचे तीन भाग केले. पहिला भाग कागदी लिफाफ्यात घालून फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, माझी नेहमीची पद्धत. दुसरा झिपच्या पातळ पिशवीत घालून खोलीतल्या कपाटात ठेवला. तिसरा आधी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर आठवडाभर सुकवून मग रबरी वायसर असलेल्या काचेच्या बरणीत घातला आणि ती बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक भागातल्या 50 बिया टाकल्या. डब्यातल्या 9 रुजल्या, पिशवीतल्या 17 आणि बरणीतल्या 39. पिशवीबद्दल माझी अपेक्षा जास्त होती, पण पातळ प्लास्टिक ओलावा अडवत नाही, फक्त त्याला उशीर लावते. डब्यात एक लहान आर्द्रतामापक जुलैमध्ये दिवसभर ठेवून पाहिला होता. त्याने 80 च्या वर आकडा दाखवला, बरणीत तो 30 च्या आसपास होता. बियांच्या डब्यात असा मापक घालून पाहिल्यावर चाचणीची वाट न पाहताच अंदाज येतो.

चाचणी कशी घ्यावी हे बहुतेकांना माहीत असते, तरी तिच्यात दोन-तीन जागी चुका होतात म्हणून लिहिते. टिशू पेपरची चौपदरी घडी पाण्यात भिजवून हलके पिळावी, बोटाने दाबल्यावर पाणी ओघळू नये. फार ओल्या कागदात चांगले बीही कुजते आणि निकाल विनाकारण वाईट येतो. बिया निवडून घेऊ नयेत; मूठभर काढून त्यातल्या ओळीने मोजून घ्याव्यात, नाहीतर हात आपोआप टपोऱ्या बियांकडे जातो. दहा बियांची चाचणी मी आता घेत नाही. दहापैकी सात रुजल्या तर आपण सत्तर टक्के म्हणतो, पण त्या पाकिटाची खरी उगवण पस्तीस टक्क्यांपासून नव्वदच्या पुढेपर्यंत कुठेही असू शकते. कांदा, मिरची, टोमॅटो यांच्या बिया भरपूर असतात, त्यांच्या पन्नास टाकाव्यात. कारल्याच्या किंवा दुधीच्या मोजक्याच बिया असतील तर दहा टाकाव्यात आणि निकालाकडे अंदाज म्हणून पाहावे. शेवटची मोजणी कांद्याची बाराव्या दिवशी, मुळ्याची दहाव्या, मेथी, टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची चौदाव्या, धण्याची एकविसाव्या दिवशी करावी. मिरचीच्या बियांना पाचव्या दिवशी ‘मेल्या’ म्हणून फेकणारे मी पाहिले आहेत, त्यांत मीही एकेकाळी होते.

मोजताना केवळ मोड फुटला म्हणून बी पास करू नये. मूळ आणि कोंब दोन्ही नीट निघालेले रोपच मोजावे. जुन्या बियांत पांढरे टोक बाहेर येऊन तिथेच थांबलेल्या बिया पुष्कळ निघतात; मातीत त्या वर येत नाहीत. पालक आणि धणे यांची मोजणी निराळी आहे. आपल्या बाजारातल्या पालकाचे खडबडीत ‘बी’ हे खरे तर बियांचे गाठोडे असते आणि एका गाठोड्यातून दोन-तीन रोपे निघू शकतात. अख्ख्या धण्यातही दोन बिया असतात. म्हणून तिथे रोपे न मोजता, ज्यातून निदान एक चांगले रोप निघाले अशी गाठोडी मोजावीत. नाहीतर वीसपैकी सव्वीस असा निकाल येतो आणि वही हास्यास्पद होते.

बरणी आणि फ्रिज यांनी प्रश्न सुटला असे वाटत असतानाच तो दुसऱ्या वाटेने परत आला. जून 2025 मध्ये भेंडी आणि काकडी पेरायची म्हणून मी तीच एकमेव बरणी फ्रिजमधून काढून लगेच उघडली. आतल्या काचेवर धुके धरले. पुढच्या काही आठवड्यांत ती चार-पाच वेळा तशीच उघडली आणि जुलैअखेर निळे सिलिका जेल ओलावा शोषून पूर्ण गुलाबी झाले. थंड बरणी दमट हवेत उघडली की हवेतले पाणी थेट बियांवर उतरते. यावरचा पहिला उपाय सर्वांना ठाऊक असतो : बरणी बाहेर काढून काही तास, शक्यतो रात्रभर, तशीच ठेवावी आणि खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी. पण पेरणीच्या दिवशी एवढा धीर माझ्याकडे नसतो, हेही मला आता ठाऊक आहे.

मला खरा उपयोग झाला तो वहीतल्या एका जुन्याच रकान्याचा. पेरणीचा हंगाम मी आजवर केवळ माहिती म्हणून लिहीत होते. आता त्या रकान्यावरून बी कोणत्या बरणीत जायचे ते ठरते. पावसाळी बरणीत भेंडी, काकडी, दोडका, कारले, दुधी आणि माठ. हिवाळी बरणीत कांदा, मेथी, धणे, पालक, मुळा, वाल, टोमॅटो आणि वांगी. उन्हाळी बरणीत गवार, चवळी आणि जानेवारीत लावायची भेंडी, म्हणजे भेंडीचे पाकीट आणल्याबरोबर दोन लिफाफ्यांत विभागायचे. परिणाम असा की जून ते ऑगस्ट या सर्वांत दमट महिन्यांत हिवाळी बरणीचे झाकण एकदाही उघडावे लागत नाही, आणि कांदा तिच्यातच असतो. चाचणीची वेळही याच रकान्यावरून ठरते. पावसाळी बियांची चाचणी मेच्या मध्यावर आणि उन्हाळी बियांची डिसेंबरच्या अखेरीस घेते. हिवाळी बियांसाठी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बरणी आदल्या रात्री बाहेर काढून एकदाच उघडते. पेरणीच्या तीन आठवडे आधी निकाल हाती आला, तर नवे पाकीट आणायला वेळ उरतो.

शिल्लक हा रकानाही बदलावा लागला. ‘8 ग्रॅम’ हा आकडा दिलासा देतो, पण 16 टक्के उगवणीच्या आठ ग्रॅममध्ये जिवंत बिया सव्वा ग्रॅमइतक्याच असतात. म्हणून आता शिल्लक वजनाच्या शेजारी ताज्या चाचणीने गुणून आलेला आकडा लिहिते आणि पेरणीचा हिशेब त्यावरून करते. यालाही मर्यादा आहे. उगवण निम्म्याखाली गेलेले बी तिप्पट दाट पेरून काम भागत नाही, कारण त्यातून जी रोपे येतात तीही उशिरा येतात, अशक्त असतात आणि रोपमरीला पहिली बळी पडतात. कांदा पन्नास टक्क्यांच्या खाली गेला की मी तो पाकिटासकट काढून टाकते. मेथी असेल तर दाट पेरून कोवळी खुडते, तिथे एवढे काटेकोर राहण्याचे कारण नाही. काढून टाकताना बियांना गुलाबी किंवा हिरवा रंग दिसला, तर ते बुरशीनाशक लावलेले बी आहे. ते पक्ष्यांना घालू नये आणि मेथी-धणे असले तरी स्वयंपाकात तर मुळीच नेऊ नये.

तीच नोंद आता अशी दिसते : ‘कांदा, पातीसाठी. हिवाळी बरणी. दुकान, सीलबंद, पाकीट फोडले 3 नोव्हेंबर 2024. फ्रिज, सिलिकासह. शिल्लक 9 ग्रॅम. चाचणी 20 सप्टेंबर 2025 : 50 पैकी 37, बारावा दिवस. जिवंत धरून साडेसहा ग्रॅम. पुढचा पावसाळा ठेवू नये.’ शेवटचे वाक्य कांद्याच्या प्रत्येक नोंदीत असते, चाचणी कितीही चांगली आली तरी.

स्रोताच्या रकान्यात घरचे बी आणि विकतचे बी वेगळे लिहावे, कारण त्यांचे दोष वेगळे असतात. पेणच्या आत्याकडून दर वर्षी कारल्याचे आणि वालाचे बी येते. ती ते राखेत घोळवून चुलीवरच्या माळ्यावर ठेवते. “अगं, धुराखाली असेपर्यंत त्याला काही होत नाही, तुझ्याकडे आले की बिघडते,” असे ती म्हणायची आणि मला तो टोमणा वाटायचा. ते शब्दशः खरे होते : चुलीच्या धगीने माळा पावसाळ्यातही कोरडा राहतो आणि राख उरलासुरला ओलावा शोषते. माझ्या फ्लॅटमध्ये त्या माळ्याचे काम सिलिका करते. ती नसेल तर कढईत चांगले भाजून बंद डब्यात गार केलेले तांदूळ चालतात, मात्र ते बियांच्या चौपट तरी घ्यावे लागतात आणि पुन्हा पुन्हा भाजावे लागतात.

कोरडेपणाचाही अतिरेक होऊ शकतो, आणि आधी बाजूला ठेवलेली टणक बी इथे येते. डिसेंबरमध्ये उन्हाळी बरणीतल्या भेंडीच्या 20 बिया चाचणीला टाकल्या, तेव्हा आठवड्यात 6 रुजल्या. उरलेल्या 14 पैकी 11 मऊ पडल्या नव्हत्या, फुगल्या नव्हत्या, त्यांच्यावर बुरशीही नव्हती. कागदावर ठेवल्या तशाच खडखडीत होत्या. भेंडी आणि गवार-चवळीसारख्या शेंगवर्गीय पिकांचे बी फार सुकले की त्याचे कवच पाणी आत घेईनासे होते. या बिया मेलेल्या नसतात. नखे कापायच्या कानशीने त्यांच्या कवचावर अंकुराच्या टोकापासून दूर हलका ओरखडा काढला आणि रात्रभर पाण्यात ठेवल्या. पुढच्या सहा दिवसांत 11 पैकी 9 रुजल्या. तेव्हापासून भेंडी आणि शेंगवर्गीय बियांच्या लिफाफ्यांबरोबर सिलिकाची एकच छोटी पुडी ठेवते, आणि वहीत रुजलेल्या व कुजलेल्या बियांच्या जोडीला ‘टणक’ असा तिसरा आकडा लिहिते.